नौका शिखरावर नेणारी वाक्यं आणि त्यांची दुरुस्ती

31 मे जवळ आला की गावोगावच्या शाळांत सेवापूर्तीचे समारंभ सुरू होतात. (1 जून ही कागदोपत्री जन्मतारीख असलेल्या गुरुजींची अख्खी पिढी आपल्याकडे आहे, त्यामुळे शाल-श्रीफळांची गर्दी नेमकी याच दिवसांत होते.) मनोगत लिहायचं काम बऱ्याचदा शाळेतल्या सर्वांत नव्या शिक्षकाच्या गळ्यात पडतं. रात्री जागून तो जे लिहितो, ते साधारण असं असतं:

«सरांनी लावलेल्या इवल्याशा रोपट्याचे आज वटवृक्षात रूपांतर झाले असून, शाळेची धुरा समर्थपणे सांभाळत त्यांनी ज्ञानाची गंगा तळागाळापर्यंत पोहोचवण्याचे शिवधनुष्य लीलया पार पाडले. अनेक वादळांना तोंड देत त्यांनी संस्थेची नौका यशाच्या शिखरावर नेली आणि शाळेच्या शिरपेचात मानाचा तुरा रोवला. त्यांच्या जाण्याने निर्माण झालेली पोकळी कधीही भरून निघणार नाही.»

हा नमुना मी या लेखासाठी जुळवला आहे, पण त्यातला प्रत्येक तुकडा तुम्ही कुठल्या ना कुठल्या मांडवात ऐकलेला असेल. टाळ्याही पडतात. मात्र समारंभानंतर जेवणाच्या पंगतीत कुणाला विचारा, सरांनी नेमकं काय केलं? भाषण ऐकलेल्याला सांगता येणार नाही, कारण भाषणात ते नव्हतंच. हाच परिच्छेद घेऊन दुरुस्तीच्या पायऱ्या पाहू.

पहिली पायरी: मोठ्याने वाचा आणि चित्रं मोजा

मसुदा मनात वाचून उपयोग नाही. डोळा ओळखीच्या शब्दांवरून घसरत जातो. तोंडाने वाचलं की अडखळतो. वाचताना हातात पेन्सिल ठेवा आणि जिथे शब्दाचा सरळ अर्थ अभिप्रेत नाही तिथे खाली रेघ मारा. मग प्रत्येक रेघेसमोर समासात एकच शब्द लिहा: हे चित्र कुठलं?

आपल्या नमुन्यात समास असा भरेल: झाड, बैलगाडी, नदी, जनकाची सभा, समुद्र, डोंगर, पगडी, आणि शेवटी एक रिकामी जागा. तीन वाक्यांत आठ चित्रं झाली. ऐकणाऱ्याला एकही धड दिसत नाही, कारण पहिलं उभं राहायच्या आत दुसरं येऊन त्याला ढकलतं.

मोजताना आणखी एक गोष्ट दिसेल. चित्र बदलतं ते बहुतेक वेळा वाक्याच्या सांध्यावर. «झाले असून», «सांभाळत», «तोंड देत» अशी जोडणारी रूपं मराठीत फार सोयीची आहेत; त्यांच्या आधाराने वाक्य कितीही लांबवता येतं. प्रत्येक सांध्यावर लिहिणारा क्षणभर थांबतो, आधीचं चित्र विसरतो आणि पुढचा तयार तुकडा उचलतो. म्हणून शोध घ्यायचा असेल तर आधी सगळ्या «असून» आणि «करत» या जागा तपासा. पुष्कळदा तिथे पूर्णविराम दिला की अर्धी भेसळ उघडी पडते.

दुसरी पायरी: नामाला त्याचंच क्रियापद आहे का?

रूपक बिघडतं ते प्रामुख्याने क्रियापदात. नाम एका चित्रातलं आणि क्रियापद दुसऱ्या चित्रातलं, असा जोड लागतो. तपासायची रीत सोपी आहे: ती वस्तू खरोखर समोर आहे असं समजा आणि विचारा, तिचं माणूस काय करतो?

शिवधनुष्य जनकाच्या सभेत होतं. ते उचलायचं, पेलायचं, त्याला प्रत्यंचा चढवायची. ते कुणी «पार पाडत» नाही. पार पाडतात ते काम. तुरा पागोट्यात खोवतात. रोवतात तो झेंडा, किंवा मांडवाची मेढ. खोवणे आणि रोवणे यांचा कानाला होणारा आवाज सारखा, म्हणून जीभ घसरते. नौका तीराला लागते, भोवऱ्यात सापडते, फुटते. डोंगरावर ती नेली तर खालून लोक पाहत राहतील. धुरा बैलाच्या खांद्यावर येते, तेव्हा ती खांद्यावर घेणं किंवा वाहणं ठीक. «धुरा हाती घेतली» हे आता इतकं रुळलं आहे की मी त्यासाठी कुणाशी भांडत नाही, पण पुढच्याच वाक्यात खांदा आला तर हात काढून टाका.

बातम्यांच्या मथळ्यांत ही गंमत जास्त दिसते. «स्मशानभूमीच्या जागेचे भिजत घोंगडे अखेर ऐरणीवर» असा मथळा घ्या. भिजत पडलेलं घोंगडं म्हणजे रेंगाळलेला प्रश्न, आणि ऐरणीवर येणं म्हणजे घाव घालून निकाल लावायची वेळ येणं. दोन्ही वाक्प्रचार आपापल्या जागी चोख आहेत. एकत्र आले की लोहार ओल्या घोंगड्यावर घण घालताना दिसतो. इथे दोन मार्ग आहेत. घोंगडं ठेवायचं असेल तर त्याचंच पुढचं काम द्या: «दहा वर्षं भिजत पडलेलं घोंगडं ग्रामसभेने पिळायला काढलं.» किंवा घोंगडं आणि ऐरण दोन्ही सोडून सरळ सांगा: «स्मशानभूमीच्या जागेची मोजणी मंगळवारी.» मथळ्याला मी दुसरा पसंत करीन, लेखाच्या पोटात पहिला शोभतो.

तिसरी पायरी: मेलेलं कुठलं, झोपलेलं कुठलं?

इथे नवशिक्या माणूस घाबरतो. त्याला वाटतं, आता प्रत्येक शब्द संशयास्पद. तसं नाही. बाटलीचं तोंड, घड्याळाचे काटे, डोंगराचा पायथा ही सगळी एकेकाळची रूपकंच. आज त्यांत कुणाला चेहरा किंवा पाय दिसत नाही. आपल्या काव्यशास्त्रात याला रूढ लक्षणा म्हणतात, आणि तिचं ठरलेलं उदाहरण आहे «कुशल». कुश म्हणजे दर्भ. तो हात न कापता नीट तोडून आणणारा तो कुशल, अशी त्याची व्युत्पत्ती सांगतात. आज कुशल सर्जन म्हणताना कुणाच्या मनात गवत येत नाही. असे शब्द निर्धास्त वापरा.

त्रास देतात ते झोपलेले. एकटे असतात तोवर गप्प असतात, शेजारी दुसरं चित्र आलं की डोळे उघडतात. नमुन्यातला «तळागाळ» पाहा. «तळागाळातल्या लोकांपर्यंत योजना पोहोचली» यात गाळ दिसत नाही. अर्थ एवढाच की सर्वांत गरीब माणूस. पण त्याच्या आधी गंगा आणलीत की पाणी आलं, आणि पाणी आलं की गाळ दिसू लागतो. वक्ता ज्यांच्याविषयी कळवळ्याने बोलतोय त्यांनाच त्याने नकळत नदीच्या तळाशी बसवलं.

म्हणून शब्द झोपला आहे की मेला आहे हे त्या शब्दापुरतं पाहून कळत नाही. आजूबाजूच्या दोन ओळी वाचाव्या लागतात. संशय आला तर त्याच चित्रातला एखादा तपशील मुद्दाम जोडून पाहा. «घड्याळाचे काटे पायात रुतले» म्हटल्यावर लोक गोंधळतील, कारण काटा तिथे काटा उरलेलाच नाही. «संस्थेच्या नौकेला शिडं नव्हती» म्हटलं तर सगळ्यांना कळेल. म्हणजे नौका जिवंत आहे, तिला जपून हाताळायचं.

चौथी पायरी: घासलेल्या शब्दाखालची घटना शोधा

भेसळ दुरुस्त झाली तरी घासलेपण उरतं. «सरांनी शिवधनुष्य समर्थपणे पेलले» हे निर्दोष आहे, आणि कुठल्याही सरांना लागू पडतं. आता त्या जागी दुसरी उपमा शोधण्यात वेळ घालवू नका. नवी उपमा सापडेलही, पण घटना माहीत नसेल तर तीही पोकळच वाजेल.

प्रत्येक घासलेल्या शब्दाखाली एक न विचारलेला प्रश्न असतो. वटवृक्ष म्हटलंत, तर पट किती होता आणि किती झाला? वादळ म्हटलंत, तर कुठलं? अनुदान अडलं, पत्रे उडाले, की गावात दोन तट पडले? सिंहाचा वाटा म्हटलंत, तर किती रुपये, किती खोल्या? (इसापाच्या गोष्टीतल्या सिंहाने सगळीच शिकार बळकावली होती हे देणगीदाराला आठवलं नाही तर बरं. आणि खारीचा वाटा ही स्वतःविषयी बोलायची नम्रता आहे. दुसऱ्याच्या कामाला खारीचा वाटा म्हणणं हा अपमान होतो, तो दरवर्षी कुणीतरी व्यासपीठावरून करतंच.)

ही माहिती कपाटात सापडेल असं नाही. शाळेचा शिपाई, ग्रामपंचायतीतला जुना लिपिक, पहिल्या तुकडीतली एखादी विद्यार्थिनी अशा दोन-तीन जणांशी बोला. «सर कसे होते?» असं विचारलंत तर तेच ऐकायला मिळेल: फार प्रेमळ, फार शिस्तीचे. त्याऐवजी विचारा, «सर नसते तर काय झालं नसतं?» या प्रश्नाला विशेषणात उत्तर देता येत नाही. माणूस थोडा थांबतो आणि मग एखादा प्रसंग सांगतो.

समजा, आपल्या नमुन्यातल्या सरांविषयी हे कळलं. ते 1996 मध्ये आले तेव्हा शाळा पाचला सुटायची आणि वाडीकडे जाणारी शेवटची एसटी पावणेपाचला निघायची. घरी पोहोचायला अंधार होतो म्हणून सातवीनंतर पोरींना घरी बसवत. सरांनी आगारात अर्ज दिला, उत्तर आलं नाही. मग दर शनिवारी, सकाळची शाळा आटोपली की ते आगारात जाऊन बसू लागले. पुढच्या जूनपासून गाडी सव्वापाचला सुटायला लागली.

एवढं हातात आलं की वटवृक्ष, गंगा, धनुष्य, नौका सगळं आपोआप गळतं. कुणाला ते काढून टाकावं लागत नाही.

पाचवी पायरी: आधी साधं लिहा, मग एखादं चित्र

नवा मसुदा आधी एकही रूपक न वापरता लिहा. वाक्यं आखूड ठेवा, कारण भाषण ऐकणाऱ्याला मागचं पान उलटता येत नाही.

«सर 1996 साली इथे आले तेव्हा आठवी ते दहावीच्या तिन्ही वर्गांत मिळून 11 मुली होत्या. शाळा पाचला सुटायची. वाडीकडे जाणारी शेवटची गाडी पावणेपाचला निघून गेलेली असायची. सरांनी आगारात अर्ज दिला. उत्तर आलं नाही, तेव्हा दर शनिवारी दुपारी ते तिथे जाऊन बसू लागले. पुढच्या वर्षी गाडी सव्वापाचला सुटू लागली. आज त्याच वर्गांत 104 मुली आहेत, आणि त्या पहिल्या 11 जणींपैकी दोघी आपल्याच शाळेत शिकवतात.»

आता चित्र हवं असेल तर बाहेरून आणू नका, या मजकुरातच पाहा. इथे एक गाडी आधीच उभी आहे. त्या दोघींपैकी एक बोलणार असेल तर तिने शेवटी म्हणावं: «सर, तुमच्यामुळे आमची गाडी चुकली नाही.» गाडी चुकणं हा रोजचाच वाक्प्रचार, पण इथे तो खरा आहे आणि लाक्षणिकही आहे, म्हणून त्याचं घासलेपण निघून जातं. दुसऱ्या कुठल्या सरांच्या समारंभात हे वाक्य चालणार नाही, आणि मसुदा जमला आहे का हे ओळखायची माझी खूण तीच: नाव बदलून तो दुसऱ्या माणसाला वाचून दाखवता येतो का? येत असेल तर चौथ्या पायरीवर परत जा.

एक सावधगिरी. गाडी सापडल्याच्या आनंदात लोक वाहक, तिकीट, थांबा, घंटी सगळं आणतात. माझा अंदाज असा की एका परिच्छेदात एक चित्र आणि त्याची फार तर दोन क्रियापदं एवढंच पेलतं. तिसऱ्यापासून श्रोते सरांना विसरून तुमच्या कोट्या मोजू लागतात.

शेवटच्या वाक्याविषयीही सांगायला हवं. «त्यांच्या जाण्याने निर्माण झालेली पोकळी» हे शोकसभेचं वाक्य आहे. सर समोर हार घालून बसलेले असताना ते म्हणणं म्हणजे त्यांना जिवंतपणी श्रद्धांजली वाहणं. निवृत्तीच्या भाषणातून ते बिनशर्त काढा.

लेखात किल्ला चढवताना

राजकीय लेखनात आपल्याकडे सगळी रूपकं लढाईची. बिगुल वाजतं, तोफा थंडावतात, गड राखले जातात. किल्ल्यांचा प्रदेश असल्यामुळे ते साहजिक आहे, पण मग किल्ला तरी नीट माहीत हवा. «तालुक्यातील तिन्ही बालेकिल्ले ढासळले» असं वाक्य मला नेहमी अडवतं. बालेकिल्ला म्हणजे गडाचा सर्वांत उंच, सर्वांत आतला भाग. राजगडाला पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा माच्या तीन आहेत, बालेकिल्ला एकच. एका पक्षाला एका तालुक्यात तीन बालेकिल्ले कसे? हवं तर म्हणा, माच्या गेल्या आणि बालेकिल्ला उरला. ते चित्र बरोबर आहे, आणि त्यातून काहीतरी जास्तीचं कळतंही: बाहेरची गावं गेली, घरचं गाव राहिलं.

पण याहून उपयोगी दुरुस्ती आकड्यांची असते. «बालेकिल्ल्याला खिंडार पाडत विरोधकांनी गुलाल खेचून आणला» या ऐवजी हे वाचा: «सलग तीन निवडणुकांत 13 पैकी 9 जागा जिंकणाऱ्या पॅनेलला या वेळी 4 जागा मिळाल्या. गमावलेल्या 5 जागांपैकी 3 वॉर्ड क्रमांक 2 मधल्या आहेत, जिथे दोन वर्षं नळाला दिवसाआड पाणी येतं.» खिंडार कुठे पडलं आणि का पडलं, दोन्ही कळलं. खिंडार हा शब्द मात्र लागला नाही.

अनेक चित्रं म्हणजे भेसळच का?

नाही. पसायदानात संतांसाठी ओळीने तीन चित्रं येतात: चालणारी कल्पतरूंची वनं, चैतन्य असलेली चिंतामणींची गावं, बोलणारे अमृताचे सागर. लगेच पुढच्या ओवीत चंद्र आणि सूर्य. तरीही काही धडकत नाही, कारण प्रत्येक चित्र आपल्या तुकड्यात पूर्ण होतं आणि मगच दुसरं सुरू होतं. एकाचं नाम आणि दुसऱ्याचं क्रियापद असं कुठेही नाही.

त्याहून शिकण्यासारखं म्हणजे ज्ञानेश्वरांनी तिथे ओळखीचीच उपमानं घेतली आहेत. चंद्राची उपमा त्या काळीही जुनीच. त्यांनी तिच्यातला दोष आधी काढला, मग ती वापरली: «चंद्रमे जे अलांछन, मार्तंड जे तापहीन». डाग नसलेला चंद्र, ताप नसलेला सूर्य. घासलेलं उपमान दुरुस्त करायची ही रीत आजही चालते. ते उपमान कुठे लागू पडत नाही, तेवढं स्पष्ट सांगायचं. शाळेला वटवृक्ष म्हणायचा मोह आवरतच नसेल तर असं म्हणून पाहा: «वडाखाली दुसरं काही उगवत नाही म्हणतात. या शाळेतून निघालेल्यांनी आजूबाजूला तीन शाळा काढल्या.» वड जुनाच, पण आता त्याच्याकडे बघावंसं वाटतं. अर्थात तीन शाळा खरोखर निघालेल्या असायला हव्यात.

कुठे हात लावू नये

दुखवट्याच्या वेळी ठरलेली वाक्यं राहू द्या. «ईश्वर त्यांच्या आत्म्यास शांती देवो» यात नावीन्य शोधणारा माणूस तिथल्या कुणालाच नको असतो. ठरीव शब्दांचा तिथे आधार असतो. मुलाखत लिहिताना बोलणाऱ्याच्या तोंडच्या म्हणीही तशाच ठेवा, घोडं गंगेत न्हालं असेल तर न्हाऊ द्या. विनोदी लेखात मुद्दाम केलेली भेसळ हा तर हक्काचा माल आहे. आणि लांब भाषणात मधूनमधून एखादा रुळलेला वाक्प्रचार बरा असतो. सतत नवं ऐकून कान थकतात.

मसुदा दुसऱ्याचा असेल तर

नवख्या माणसाला खरी अडचण इथे येते. संस्थेच्या अध्यक्षांनी स्वतः लिहिलेलं भाषण «जरा नजर टाका» म्हणून तुमच्याकडे येतं, आणि त्यात नौका शिखरावर असते. लाल रेघा मारलेला कागद परत दिलात तर पुढचं भाषण तुमच्याकडे येणार नाही, आणि याही भाषणात फरक पडणार नाही. चूक दाखवू नका, गोष्ट विचारा.

«अण्णा, इथे तुम्ही वादळांना तोंड दिलं असं लिहिलंय. हे कुठल्या वर्षीचं?»

«अरे, ते पत्रे उडाले होते ना, तेव्हाचं. दोन महिने देवळात वर्ग भरवले. सर स्वतः फळा डोक्यावर घेऊन आले होते.»

«मग हेच सांगू या का तिथे? नव्या पोरांना माहीत नाही हे.»

«सांग की. पण ते नौकेचं राहू दे हं, चांगलं वाटतं.»

राहू द्या. शिखराच्या जागी तेवढा किनारा करा, आणि फळ्याचं वाक्य नौकेच्या आधी घाला.